टू-बी आणि खरेदी वहीतला पावणेचार लाखांचा फरक: नाशिकच्या एका फॅब्रिकेशन कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत दोन भावांच्या भागीदारीतला एक फॅब्रिकेशन कारखाना आहे. ओळख कळू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. आकडेही थोडे फिरवले आहेत, मात्र त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलं आहे. पत्रा, अँगल, चॅनेल विकत घ्यायचे, त्यांची कॅबिनेट आणि फ्रेम बनवायच्या, पावडर कोटिंग बाहेरून करून घ्यायचं आणि माल मोठ्या कंपन्यांना द्यायचा, हा त्यांचा धंदा. जवळजवळ सगळी खरेदी महाराष्ट्रातलीच आणि कर १८ टक्के.

जीएसटीचं काम बरीच वर्षं एक अर्धवेळ हिशेबनीस पाहत होते. त्यांची पद्धत सरळ होती. महिना संपला की टॅलीतल्या खरेदी रजिस्टरची बेरीज घ्यायची आणि तेवढं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची खरेदीदाराला मिळणारी यादी म्हणजे जीएसटीआर-२बी, बोलण्यात टू-बी. पोर्टल तिच्यावरून जो आकडा आपोआप भरून देतं, तो ते खोडून स्वतःचा टाकत. ३बी मधला तो रकाना बदलता येतो, त्यामुळे कुणी अडवलं नाही.

२०१७ ते २०२१ या काळात ही पद्धत कशीबशी चालून जात असे. सुरुवातीला अशी मर्यादाच नव्हती, आणि ऑक्टोबर २०१९ पासून पुरवठादाराच्या रिटर्नमध्ये न दिसणाऱ्या बिलांवरही काही टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला नियम ३६(४) मध्ये मुभा होती. आधी २० टक्के, मग १०, मग ५. १ जानेवारी २०२२ पासून ही मुभा संपली. त्या दिवशी कलम १६(२) मध्ये (एए) हे पोटकलम लागू झालं आणि पुरवठादाराने बिल आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असणं व ते खरेदीदाराच्या टू-बीत आलेलं असणं, ही क्रेडिटची अटच बनली. कारखान्याची पद्धत मात्र जुनीच राहिली.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हिशेबनीस निवृत्त झाले आणि काम एका महिला कर सल्लागाराकडे आलं. २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न भरायचं बाकी होतं. धाकट्या भागीदारांची इच्छा होती की दिवाळीच्या आत ते भरून मोकळं व्हावं.

काय आढळलं

सल्लागारांनी आधी दोन बेरजा शेजारी ठेवल्या. वर्षभरात ३बी मधून घेतलेलं क्रेडिट होतं ४१,८६,४०० रुपये. बारा महिन्यांच्या टू-बीची बेरीज आली ३८,१२,९०० रुपये. फरक ३,७३,५०० रुपयांचा, आणि तो जास्तीच्या क्रेडिटचा.

हा आकडा पाहताच थोरल्या भागीदारांनी विचारलं, "मग पावणेचार लाख परत भरून टाकायचे का? नोटीस येण्यापेक्षा बरं." प्रश्न रास्त होता, कारण ३बी आणि टू-बीतला फरक खात्याला संगणकावर आपोआप दिसतो आणि त्यावर छाननीची नोटीस निघते. पण ३,७३,५०० हा दोन उलट दिशांच्या आकड्यांची वजाबाकी होऊन उरलेला आकडा होता. त्याच्या पोटात काय आहे हे पाहिल्याशिवाय भरणा करणं म्हणजे काही ठिकाणी नाहक पैसे देणं आणि काही ठिकाणी धोका तसाच ठेवणं.

बिलवार जुळणी केली तेव्हा पहिल्या फेरीत चित्र भीतीदायक दिसलं. वहीत आहेत पण टू-बीत नाहीत अशा बिलांवरचा कर ११,४८,३०० रुपये, आणि टू-बीत आहेत पण वहीत नाहीत अशांचा ७,७४,८०० रुपये. यातला बराचसा भाग खोटा होता. पुरवठादाराने बिल क्रमांक `SE/23-24/0457` असा भरलेला, टॅलीत नुसता `457`. काही बिलांच्या तारखेच्या जागी माल पोचल्याची तारीख टाकलेली. माणसाला एकच दिसणारं बिल एक्सेलला दोन दिसत होतं.

म्हणून दुसऱ्या फेरीत बिल क्रमांक बाजूला ठेवला आणि पुरवठादाराचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, व कराची रक्कम यांवर शोध घेतला, एक रुपयाचा फरक चालेल असं धरून. `A` स्तंभात जीएसटीआयएन आणि `E` मध्ये एकूण कर असेल तर हे सूत्र पुरतं:

```
=COUNTIFS('2B'!A:A,A2,'2B'!E:E,">="&E2-1,'2B'!E:E,"<="&E2+1)
```

उत्तर १ आलं तर जोडी बहुधा सापडली. ० आलं तर बिल खरंच नाही. २ किंवा जास्त आलं तर त्याच रकमेची अनेक बिलं आहेत आणि ती डोळ्यांनी पाहावी लागतात. दर आठवड्याला तेवढाच पत्रा घेणाऱ्या कारखान्यात हे तिसरं उत्तर वारंवार येतं. शिवाय वहीत तीच नोंद दोनदा असली तरी हे सूत्र दोन्ही ओळींपुढे १ दाखवतं, म्हणून वहीतल्या ओळींवरही आतल्या आत तेच सूत्र चालवावं लागतं.

एवढं केल्यावर दोन्ही बाजूंची ६,२७,२०० रुपयांची बिलं जुळून गळाली. उरलं ते असं: वहीत आहे पण टू-बीत नाही, ५,२१,१०० रुपये; टू-बीत आहे पण वहीत नाही, १,४७,६०० रुपये. वजाबाकी तीच, ३,७३,५००. फरक तेवढाच राहिला असला तरी आता त्यामागची बिलं एकेक करून हातात आली होती.

फरकाच्या पोटात

५,२१,१०० रुपयांत पाच वेगळ्या गोष्टी निघाल्या.

सर्वांत मोठी रक्कम १,६२,००० रुपयांची, एका स्टील व्यापाऱ्याच्या ऑगस्ट २०२३ मधल्या पाच बिलांची. नऊ लाखांचा माल आला होता, पैसे बँकेतून दिले होते, छापील बिलावर कारखान्याचाच जीएसटीआयएन होता. मग टू-बीत का नाही? थोरल्या भागीदारांची स्वतःच्या नावावर जवळजवळ त्याच नावाची एक ट्रेडिंग फर्म आहे. व्यापाऱ्याच्या माणसाने जीएसटीआर-१ भरताना यादीतून ती निवडली होती. त्या फर्मच्या टू-बीत ही पाचही बिलं वर्षभर पडून होती. तिथे खरेदीच नव्हती, त्यामुळे त्यांचं क्रेडिट कुणी घेतलं नव्हतं.

दुसरी रक्कम १,३५,००० रुपये. डिसेंबर २०२३ मध्ये एका नव्या पुरवठादाराकडून साडेसात लाखांचा माल घेतला होता, बाजारापेक्षा स्वस्त. त्याने त्या महिन्याचं जीएसटीआर-१ भरलंच नव्हतं आणि पोर्टलवर त्याची नोंदणी रद्द झालेली दिसत होती.

तिसरी १,१६,१०० रुपये. मार्च २०२४ ची बिलं, पुरवठादारांनी आपलं रिटर्न ११ एप्रिलनंतर उशिरा भरलं म्हणून ती एप्रिलच्या टू-बीत उतरली. टू-बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि तेव्हा ती मग बदलत नसे. मुदतीनंतर भरलेलं बिल पुढच्या महिन्यातच दिसतं.

चौथी ७२,००० रुपये. चार लाखांचं एक मोठं बिल मार्चमध्ये दोनदा नोंदलं गेलं होतं. एकदा ईमेलवर आलेल्या प्रतीवरून आणि एकदा गाडीवाल्याने आणून दिलेल्या प्रतीवरून. पाचवी ३६,००० रुपये: वर्षअखेरच्या दरफरकापोटी पुरवठादाराने काढलेल्या क्रेडिट नोटा. त्या टू-बीत वजा झाल्या होत्या, वहीत घ्यायच्या राहिल्या होत्या.

उलट दिशेच्या १,४७,६०० रुपयांपैकी ६२,४०० रुपये मार्च २०२३ च्या बिलांचे होते. त्यांचं क्रेडिट आदल्या वर्षीच घेतलेलं होतं, तेव्हा तिथे काही करायचं नव्हतं. ३६,६०० रुपये भागीदारांच्या मोटारीची दुरुस्ती आणि विम्यावरचा कर. टू-बी त्यासमोर क्रेडिट उपलब्ध असं दाखवते, पण कलम १७(५) प्रमाणे ते मिळत नाही. टू-बीला खरेदीदार ती मोटार कशासाठी वापरतो हे ठाऊक नसतं, म्हणून तिथे उपलब्ध लिहिलंय एवढ्यावर क्रेडिट घेऊ नये. उरलेले ४८,६०० रुपये मात्र हक्काचे आणि विसरलेले: माल चढवण्याउतरवण्याच्या क्रेनचं भाडं, टेलिफोन, बँकेचे चार्जेस, मशीनची वार्षिक देखभाल. ही बिलं ईमेलवर येत आणि हिशेबापर्यंत पोचतच नसत.

जुळलेल्या यादीतला धोका

बहुतेक जण इथे थांबतात. जुळलं ते बरोबर, न जुळलं त्याचं बघायचं. सल्लागारांनी जुळलेल्या बिलांचीही एक चाचणी घेतली, आणि या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट मला ती वाटते.

बिल टू-बीत आलं याचा अर्थ पुरवठादाराने जीएसटीआर-१ भरलं, एवढाच. कर सरकारकडे जमा होतो ३बी मधून, आणि ते त्याने भरलं की नाही हे टू-बी सांगत नाही. ते जीएसटीआर-२ए या टू-बीसारख्याच, पण सतत बदलत राहणाऱ्या यादीत दिसतं. तिथे पुरवठादाराच्या ३बी ची स्थिती सांगणारा वेगळा रकाना आहे. वर्षाची २ए उतरवून त्या रकान्यावर फिल्टर लावला तर एक नाव उरलं: पावडर कोटिंग करणारा.

हा लहान उद्योजक तिमाही रिटर्न भरणारा. जानेवारी ते मार्च २०२४ चं जीएसटीआर-१ त्याने वेळेत भरलं, त्यात कारखान्याची ४,९०,००० रुपयांची बिलं होती, कर ८८,२०० रुपये. त्याच तिमाहीचं ३बी मात्र भरलं नाही. पुढे धंदाच बंद पडला. ३बी थकलं की पुढचं जीएसटीआर-१ पोर्टल भरू देत नाही, त्यामुळे अशी थकबाकी शक्यतो एका कालावधीपुरतीच राहते. पण त्या एका कालावधीची बिलं टू-बीत अगदी निर्दोष दिसतात.

नियम ३७ए इथे लागू होतो. वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंत पुरवठादाराने ३बी भरलं नाही, तर खरेदीदाराने ते क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवायचं, म्हणजे परत करायचं. त्या मुदतीत उलटवलं तर व्याज नाही. मुदत चुकली तर व्याजासकट भरायचं. पुढे पुरवठादाराने ३बी भरलं तर क्रेडिट पुन्हा घेता येतं.

३,७३,५०० च्या फरकात हे ८८,२०० कुठेच नव्हते.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय थोरल्या भागीदारांनी सुचवलेलाच: सगळा फरक व्याजासकट भरायचा. त्यात स्टीलचे १,६२,००० कायमचे गेले असते, ४८,६०० कधीच मिळाले नसते, एप्रिलच्या टू-बीत रीतसर आलेले १,१६,१०० नाहक परत गेले असते, आणि कोटिंगवाल्याचं प्रकरण झाकलेलंच राहिलं असतं.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा. नोटीस आली तर बिलं, बँकेची नोंद, ई-वे बिल दाखवू, असा. या बाजूने बोलायला न्यायालयाचा आधारही होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सनक्राफ्ट एनर्जीच्या प्रकरणात म्हटलं होतं की पुरवठादारावर आधी कारवाई केल्याशिवाय थेट खरेदीदाराकडून क्रेडिट वसूल करता येणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली होती. पण तो वाद २०१८-१९ च्या व्यवहारांचा होता, (एए) पोटकलम येण्यापूर्वीचा. २०२३-२४ च्या बिलांना तो आधार तसाच्या तसा लावणं धोक्याचं होतं. प्रामाणिक खरेदीदाराने माल घेतला, कर दिला आणि तरी विक्रेत्याच्या चुकीचा भुर्दंड त्यानेच सोसायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. तरीही सल्ला देताना आज लागू असलेला कायदाच धरावा लागतो.

स्टीलच्या बिलांसाठी एक तिसरी वाट धाकट्या भागीदारांना सुचली. बिलं आपल्याच दुसऱ्या फर्मच्या टू-बीत आहेत ना, मग तिथे क्रेडिट घेऊन टाकू, कर तर सरकारला मिळालाच आहे. सल्लागारांनी ती ठामपणे नाकारली. त्या फर्मला माल मिळालेला नव्हता आणि तिच्या नावाचं बिलही नव्हतं. एका ठिकाणी चुकून घेतलेलं क्रेडिट दुसऱ्या ठिकाणी समजून-उमजून चुकीचं घेण्यात मुद्दाम केल्याचा ठपका येऊ शकतो.

चौथा पर्याय प्रत्येक गटाचा वेगळा निकाल लावण्याचा. तो स्वीकारला.

तारखांचा फास

पर्याय ठरला तरी वेळ कमी होता. २०२३-२४ चं क्रेडिट घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२४, किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, जी आधी येईल ती. धाकट्या भागीदारांनी दिवाळीपूर्वी वार्षिक रिटर्न भरलं असतं तर त्याच दिवशी ४८,६०० चा दरवाजा बंद झाला असता. हा या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण. वार्षिक रिटर्न डिसेंबरपर्यंत थांबवायचं ठरलं.

पुरवठादाराला जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करायलाही हीच मुदत असते, आणि तिथेही वार्षिक रिटर्नची अट आहे, मात्र त्याच्या स्वतःच्या वार्षिक रिटर्नची. म्हणून स्टील व्यापाऱ्याला फोन लावल्यावर सल्लागारांनी सर्वांत आधी विचारलं, "शेठ, २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न भरलंत का?" भरलं नव्हतं. नशीब.

दुसरी माहिती तेवढी चांगली नव्हती. व्यापारी तिमाही रिटर्न भरणारा निघाला. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचं जीएसटीआर-१ त्याने १३ ऑक्टोबरच्या आत भरून टाकलं होतं आणि हा फोन गेला त्यानंतर. पुढचं तिमाही रिटर्न जानेवारीत, म्हणजे मुदत उलटल्यावर. उरला एकच रस्ता: आयएफएफ. तिमाही भरणाऱ्यांना पहिल्या दोन महिन्यांची बिलं या सुविधेतून पाठवता येतात, आणि त्यात जुन्या बिलांची दुरुस्तीही चालते. ऑक्टोबरसाठी ती १ ते १३ नोव्हेंबर एवढीच उघडी असते. मधे दिवाळी.

"मॅडम, बिल तर बरोबर आहे, कर मी भरलाय. आता दिवाळीत कुठं ते कॉम्प्युटर उघडता?" व्यापाऱ्याने ऐकवलं. त्याच्या दृष्टीने त्याचं नुकसान काहीच नव्हतं, आणि ताळमेळाच्या कामात खरी अडचण इथेच असते: दुरुस्ती ज्याच्या हातात, त्याला ती करण्याची गरज नसते. सल्लागारांनी त्याला नुसती विनंती केली नाही. पाच बिलांचा तक्ता पाठवला: बिल क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम, चुकीचा जीएसटीआयएन, बरोबर जीएसटीआयएन, आणि दुरुस्ती ९ए तक्त्यात करायची ही सूचना. त्याच्या हिशेबनिसाला फोनवर तो रकाना दाखवून दिला. थोरले भागीदार स्वतः फराळाचं निमित्त काढून दुकानात जाऊन आले. भाऊबीज उलटली आणि दुरुस्ती दाखल झाली.

काय केलं

ऑक्टोबर २०२४ ची टू-बी १४ नोव्हेंबरला आली आणि त्यात पाचही दुरुस्त बिलं होती. ऑक्टोबरपासून पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारण्या-नाकारण्याची इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम लागू झाली होती. तिथे ती बिलं स्वीकारली. काहीच केलं नसतं तरी ती स्वीकारली गेली असं धरलं जातं, पण नोंद राहावी म्हणून बटण दाबलं. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, म्हणून ३बी १८ लाच भरायचं ठरलं.

त्या एका ३बी मध्ये बरंच काही नीट बसवावं लागलं. दुरुस्त बिलांचे १,६२,००० आपोआप क्रेडिटमध्ये भरून आले. पण हे क्रेडिट कारखान्याने सप्टेंबर २०२३ मध्ये आधीच घेतलेलं होतं. नुसतं पुढे सरकलं असतं तर तेच क्रेडिट दोनदा झालं असतं. म्हणून जुनं क्रेडिट तक्ता ४(बी)(२) मध्ये, पुन्हा मिळण्याजोगी उलटवणी म्हणून दाखवलं, आणि नवं क्रेडिट घेण्याच्या ४(ए)(५) मध्ये ठेवून पुन्हा घेतलेलं क्रेडिट नोंदवण्याच्या ४(डी)(१) मध्ये त्याचा उल्लेख केला. निव्वळ परिणाम शून्य, पण खात्याला माग लागतो.

कोटिंगवाल्याचे ८८,२०० रुपयेही ४(बी)(२) मध्येच गेले, नियम ३७ए प्रमाणे. दुबार बिलाचे ७२,०००, क्रेडिट नोटांचे ३६,००० आणि नोंदणी रद्द झालेल्या पुरवठादाराचे १,३५,००० मात्र ४(बी)(१) मध्ये, कायमचे. शेवटच्या रकमेबद्दल चर्चा झाली. तो पुरवठादार उद्या परत आला तर? पण ३० नोव्हेंबरच्या आत त्याने रिटर्न भरण्याची चिन्हं नव्हती, आणि त्यानंतर २०२३-२४ च्या बिलावर नव्याने क्रेडिट घेता येणार नव्हतं. आशेवर रक्कम लटकत ठेवण्यात अर्थ नव्हता. विसरलेले ४८,६०० रुपये बिलांच्या प्रती गोळा करून याच रिटर्नमध्ये घेतले.

मग व्याज. चुकीचं क्रेडिट घेतलं आणि वापरलं, तर कलम ५०(३) प्रमाणे १८ टक्के. घेतलं पण वापरलं नाही, म्हणजे क्रेडिट लेजरमधली शिल्लक कधीच त्या रकमेखाली गेली नाही, तर व्याज लागत नाही. म्हणून लेजर उतरवून पाहिलं. कारखान्याची शिल्लक दर महिन्याला जवळजवळ शून्यावर येत होती, तेव्हा सुटका नव्हती. १,३५,००० चं क्रेडिट २० जानेवारी २०२४ ला घेतलेलं, १८ नोव्हेंबरला उलटवलं, दिवस ३०३:

```
135000 × 18% × 303 ÷ 365 = 20172
```

दुबार बिल आणि क्रेडिट नोटांवर मिळून सुमारे ११,३०० रुपये. मार्चच्या उशिरा आलेल्या बिलांचं क्रेडिट तीस दिवस आधी घेतलं गेलं होतं. ते आता उलटवायची गरज नव्हती, फक्त त्या दिवसांचं व्याज, १,७१८ रुपये.

वाद झाला तो स्टीलच्या बिलांवर. २० सप्टेंबर २०२३ पासून ४२५ दिवस, व्याज ३३,९५३ रुपये. थोरले भागीदार म्हणाले, "व्यापाऱ्याने कर वेळेवर भरला. सरकारचा एक दिवसही तोटा नाही. मग व्याज कसलं?" त्यांच्या म्हणण्यात न्याय आहे, आणि हा मुद्दा अपिलात लढवण्यासारखा आहे. पण (एए) ची अट पुरी झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि तोवर क्रेडिट वापरलेलं होतं. ३४ हजारांसाठी वर्षं वाद चालवायचा की नाही, हा निर्णय मालकांचा होता. त्यांनी भरायचं ठरवलं, आणि व्यापाऱ्याने पुढच्या खरेदीच्या दरात त्यातला निम्मा भार उचलायचं मान्य केलं.

निष्पत्ती

एकूण व्याज सुमारे ६७ हजार. ते रोखीनेच भरावं लागतं, क्रेडिटमधून चालत नाही. क्रेडिट उलटलं ३,३१,२०० रुपये, नवं मिळालं ४८,६०० रुपये, म्हणजे त्या महिन्यात २,८२,६०० रुपयांचा कर जास्तीचा रोख भरावा लागला. दिवाळीचे बोनस नुकतेच वाटलेले असताना ही रक्कम लहान नव्हती, आणि भागीदारांनी ती बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून उचलली. स्टीलचे १,६२,००० वाचले. वार्षिक रिटर्न डिसेंबरमध्ये भरलं.

नोंदणी रद्द झालेल्या पुरवठादाराचे दोन लाख दहा हजार देणे बाकी होते. त्यातले कराएवढे १,३५,००० कारखान्याने रोखून धरले आणि उरलेले ७५,००० चुकते केले. खरेदी ऑर्डरवर तशी काही अट नव्हती, त्यामुळे तो भांडतो आहे. हा हिशेब अजून मिटलेला नाही. कोटिंगवाल्याचे पूर्ण पैसे मात्र आधीच देऊन झाले होते. त्याच्यापुढे हातात काही उरलेलं नाही. त्याने ३बी भरलं तरच ८८,२०० परत येतील.

वेगळं काय करता आलं असतं

स्टीलच्या बिलांची चूक १४ सप्टेंबर २०२३ ला, पहिल्याच टू-बीत दिसत होती. त्या दिवशी फोन गेला असता तर व्यापाऱ्याने त्याच तिमाहीच्या रिटर्नमध्ये ती सुधारली असती. मुख्य म्हणजे टू-बीत येईपर्यंत क्रेडिट घेतलंच नसतं, तर ३३,९५३ रुपयांचं व्याज उभंच राहिलं नसतं. वर्षाच्या शेवटी केलेल्या ताळमेळाने चूक सापडते, पण तोवर तिचं व्याज चढलेलं असतं.

कामाचा क्रमही बदलता आला असता. ऑक्टोबरचे पहिले दिवस बिल क्रमांक साफ करण्यात गेले. आधी पुरवठादारवार बेरजा लावल्या असत्या तर स्टील व्यापाऱ्यापुढे शून्य दिसलं असतं, आणि १३ ऑक्टोबरच्या आत फोन जाऊन आयएफएफची धावपळ टळली असती. मोठ्या रकमांचे पुरवठादार आधी, बिलवार खोदकाम नंतर.

आता कारखान्यात दर महिन्याच्या १४ ते १८ तारखेला टू-बी आणि वही समोरासमोर ठेवली जाते. टू-बीत नसलेलं बिल टॅलीत नोंदलं जातं, पण त्याचं क्रेडिट वेगळ्या खात्यात थांबतं आणि टू-बीत आल्यावरच ३बी मध्ये जातं. नव्या पुरवठादाराचा कराचा भाग बिल टू-बीत दिसेपर्यंत रोखायचा, अशी अट खरेदी ऑर्डरवर छापली आहे. ती लावताना एक भान ठेवावं लागतं: पुरवठादाराला बिलाची पूर्ण रक्कम करासकट १८० दिवसांत दिली नाही, तर बरोबर असलेलं क्रेडिटही व्याजासकट उलटवावं लागतं. म्हणून रोखलेल्या रकमांची यादी तारखेसह ठेवली जाते आणि दीडशे दिवस झाले की ती भागीदारांपुढे येते.

२ए मधला ३बी च्या स्थितीचा रकाना दर तिमाहीला तपासला जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो संपूर्ण मागच्या वर्षासाठी पुन्हा पाहायचा, कारण ३० सप्टेंबर उलटून गेलेला असतो आणि ३७ए साठी हातात दोन महिनेही नसतात.